उजेडाची बेल

ऐकू येणाऱ्या माणसांचं एक लाडकं वाक्य आहे, "काही नाही." चार जण हसतात, मी विचारते काय झालं, तर चौघंही हात झटकतात. काही नाही. कोणी दारातून ओरडून जातं, सगळे उठतात, मी विचारते कुठं निघालात, तर काही नाही, तू चल. सातव्या वर्षी मेंदूज्वराने माझे दोन्ही कान नेले. तेव्हापासून हे वाक्य मी इतक्या ओठांवर वाचलंय, की मला ते ओळखायला अर्धा ओठही पुरतो. आणि दर वेळी माझं डोकं फिरतं.

या फिरलेल्या डोक्यामुळेच मला नोकरी मिळाली, असं चिन्मय म्हणतो. चिन्मय आमचा मालक. शहरातल्या कॅनॉट भागात एका चपलांच्या दुकानावर आमची छोटी कंपनी आहे. एका धर्मादाय रुग्णालयासाठी आम्ही अ‍ॅप बनवतो. डॉक्टर शहरात, रुग्ण आपल्या गावात, आणि तपासणी व्हिडिओ कॉलवर. ज्यांना ऐकू येत नाही त्यांनाही ते अ‍ॅप वापरता आलं पाहिजे, हे बघायचं काम माझं.

मी आले तेव्हा त्या अ‍ॅपला सगळं काही तोंडानेच सांगायची सवय होती. कॉल आला की फोन वाजायचा. डॉक्टर जोडले गेले की टुंग, लाइन तुटली की टूं-टूं, डॉक्टरांनी थांबवून ठेवलं की बारीक संगीत. हे सगळं मला गोकुळने लिहून सांगितलं, कारण माझ्यासमोर होता फक्त गोठलेला पडदा. गोकुळ आमचा प्रोग्रामर. मुलगा गुणी आहे, पण कान असल्याचा त्याला फार फायदा होतो आणि ते त्याच्या लक्षात येत नाही.

आम्ही एकेका आवाजाला दिसणारं रूप दिलं. कॉल आला की अख्खा पडदा पिवळा-काळा व्हायचा, कॅमेऱ्याचा दिवा लुकलुकायचा आणि फोन लांब-लांब-आखूड असा थरथरायचा. दिवा सेकंदाला दोनदाच, कारण तीनपेक्षा जास्त वेळा लुकलुकला तर फिट येणाऱ्या माणसाला त्रास होऊ शकतो. लाइन तुटली की तशी पाटी. डॉक्टर बोलले की खाली मोठ्या अक्षरांत त्यांचं बोलणं, वर बोलणाऱ्याचं नाव, आणि मागचं पुन्हा वाचायची सोय. शब्द नसलेले आवाजही चौकटी कंसात, [दार वाजलं], [खोकला], [हसण्याचा आवाज]. या कंसांसाठी मी भांडले होते. लोक कशाला हसले हे कळलं नाही तरी हसले एवढं तरी कळू दे की बाबा!

पहिल्या दिवशी गोकुळने मोठ्या ऐटीत सांगितलं की फोन गप्प करून चाचणी घेतली, प्रत्येक कॉल सापडला. फोन कुठं होता? टेबलावर. लाकडी टेबलावर फोन थरथरला की घरघर होते आणि ती ऐकूनच हा मान वळवत होता. मी फोन सोफ्याच्या गादीवर ठेवला आणि त्याला खिडकीकडे तोंड करून बसवलं. तीन कॉल येऊन गेले. साहेब रस्त्यावरचा उसाचा गाडा बघत बसले होते. त्या दिवसापासून प्रत्येक चाचणी गादीवर.

मग आलं भांडण चौकोनाचं. ही सगळी सोय चालू कधी करायची, तर नाव नोंदवताना रुग्णाने एका चौकोनात टिकमार्क केला की. चौकोनापुढे काय लिहायचं? चिन्मयला लिहायचं होतं 'विशेष सुविधा'. हा मऊ मनाचा, सगळ्यांशी गोड बोलणारा माणूस, कोणाला दुखवणं त्याच्या घरात कोणी शिकवलंच नाही. मी टॅबलेटवर त्याचं बोलणं वाचत होते. आमच्या बैठकीत मधोमध एक टॅबलेट असतो, सगळ्यांचं बोलणं त्यावर उमटतं.

"विशेष म्हणजे काय रे?" मी म्हणाले. माझं बोलणं सपाट आहे म्हणतात, पण चिडल्यावर सगळ्यांना समजतं. "लाडू मिळणारेत का? सरळ लिही. मला ऐकू येत नाही किंवा कमी येतं. बहिरेपण म्हणजे काय शिवी आहे?"

चिन्मयने दोन्ही हात वर केले. चौकोनापुढे माझं वाक्य लागलं. मी त्या दिवशी घरी जाताना पाणीपुरी खाल्ली, इतकी मी खूश होते.

माझे वडील सर्जेराव, त्यांना मी अण्णा म्हणते, याच अ‍ॅपचे रुग्ण. ते पिशोरला राहतात. त्याच रुग्णालयात त्यांच्या हृदयाची झडप बदलली होती. तेव्हापासून रक्त पातळ ठेवणारी गोळी चालू. या गोळीचं प्रमाण रक्ताच्या तपासणीवर ठरतं. रक्त फार पातळ झालं तर आतल्या आत रक्तस्राव होऊ शकतो, घट्ट झालं तर झडपेवर गाठ धरते. म्हणून गावात रक्त द्यायचं आणि रिपोर्ट आला की डॉक्टर व्हिडिओवर सांगणार, गोळी किती घ्यायची.

अण्णांनी उमेदीची सगळी वर्षं जिनिंगच्या मशिनीपाशी घालवली. कापसाची सरकी वेगळी करणाऱ्या त्या धडधडीने त्यांचे कान हळूहळू खाल्ले. हे घरात सगळ्यांना माहीत होतं, फक्त अण्णांना मान्य नव्हतं. मी गावी गेले की टीव्हीच्या आवाजाच्या रेघा पडद्याच्या टोकापर्यंत गेलेल्या बघायचे. अण्णा मान डोलवत बातम्या बघायचे आणि आई कानावर पदर घेऊन भाकऱ्या थापायची.

अण्णांचं आणि माझं बोलणं असं नव्हतंच. त्यांच्या भरघोस मिशा ओठांवर येतात, त्यामुळे ओठ वाचायची सोय नाही. दोनदा मी त्यांच्यासमोर फोन धरला, बोला म्हणजे अक्षरं उमटतील. त्यांनी फोन बाजूला सारला. मशिनीशी काय बोलायचं, असा चेहरा. माझं सगळं बोलणं आईमार्फत. अण्णा आईला सांगणार, आई मला हातवाऱ्यांनी आणि ओठांनी सांगणार. तेही गाळून. मी विचारायचे, अण्णा एवढं काय बोलले? आई म्हणायची, काय नाय.

गेल्या मंगळवारी दुपारी माझ्या मोबाइलवर एका लँडलाइनचे तीन मिस्ड कॉल दिसले. शुक्रवारी आमचं अ‍ॅप काही गावांपुरतं न राहता सगळ्या तालुक्यांत चालू व्हायचं होतं, म्हणून सकाळपासून मी कॉलच्या पाट्यांमध्ये गुंतले होते. मी नंबर गोकुळला दाखवला. त्याने फोन लावला. त्याच्या कपाळावर एक आठी आली, मग दुसरी. फोन ठेवून तो म्हणाला, "काही नाही, ते जरा..."

"गोकुळ!" मी टेबलावर हात आपटला. चपलांच्या दुकानातला माणूससुद्धा वर बघायला आला असणार.

त्याने झटपट टाइप केलं. 'रुग्णालयातून होता. तुझ्या वडिलांचं रक्त फार पातळ झालंय. आज गोळी घ्यायची नाही. डॉक्टर मनस्विनींनी दोनदा कॉल केला, ते उचलत नाहीत. संपर्क म्हणून तुझा नंबर आहे.'

संपर्क, मुलगी. मुलगी बहिरी आहे हे अण्णांनी तिथं सांगितलं नसणार. मी ते सगळं दोनदा वाचलं आणि घड्याळ बघितलं. अण्णा गोळी संध्याकाळी दिवाबत्तीला घेतात. आई दिवसभर कापूस वेचायला. घरात फोन एकच, तो अण्णांपाशी, आणि मेसेज ते उघडतच नाहीत. शेजारच्या विश्वजीतला मी मेसेज टाकला, तर त्याच्यापुढे एकच टिक, आणि गोकुळने लावलेला फोनही लागेना. गेला असेल तालुक्याला कन्नडला, नाहीतर रेंज नसेल.

गोकुळने मला बाइकवर हर्सूल टी पॉइंटला सोडलं. तिथं मला बस मिळाली. बसमध्ये मला बसवेना. उभी राहिले तर कंडक्टरने बस म्हणून खूण केली. बसले तर पाय थांबेनात. दर थोड्या वेळाने विश्वजीतचा मेसेज उघडायचे, टिक एकच. मनात एकच गोष्ट फिरत होती, की आमचा उजेड पेटला नाही. कुठं चुकलं? फोनमधली बॅटरी वाचवायची सोय कधी कधी अ‍ॅपला झोपवून टाकते आणि मग कॉल आलेला त्याला कळतच नाही, तसं झालं असेल का? की अण्णांच्या जुन्या फोनचा दिवाच बिघडलाय? की फोन पिशवीत? मी बसमधून गोकुळला एकामागून एक मेसेज करत सुटले. हे बघ, ते तपास, सर्व्हरवर बघ कॉल पोचला का. फुलंब्री मागे पडल्यावर त्याचं उत्तर आलं. 'कॉल पोचलाय. दोन्ही वेळा फोन वाजलाय. शपथ.'

वाजलाय! मला तो शब्द मोबाइलसकट खिडकीबाहेर फेकावासा वाटला. वाजून काय उपयोग? आम्ही इतके महिने वाजण्याच्या पलीकडचंच तर काम करत होतो.

पिशोरच्या स्टँडवर उतरले तर अण्णा समोरच दिसले. चहाच्या हॉटेलाबाहेरच्या बाकावर, त्यांचे दोस्त धोंडिबाकाका आणि आणखी दोघांबरोबर. हातपाय धड, डोळे उघडे. माझा जीव भांड्यात पडला आणि लगेच राग चढला. मी रस्ता ओलांडणार, तेवढ्यात ते तिघं एकदम हसले. अण्णांनी मान पुढे करून काहीतरी विचारलं. धोंडिबाकाकांनी हात झटकला. त्यांचे ओठ मला लांबूनही वाचता आले. काय नाय. आणि मग अण्णा हसले. सगळ्यांच्या मागून, थोडं जास्तच.

ते उशिराचं हसू मी ओळखते. शाळेपासून मी तेच हसत आले. मी तिथं रस्त्याच्या मधे उभी राहिले आणि एका ट्रॅक्टरवाल्याने ब्रेक मारून मला हातवारे केले.

"जयभीम बाई, अचानक?" धोंडिबाकाकांनी हात जोडले. मी जयभीम केला आणि अण्णांच्या दंडाला धरून त्यांना घराकडे ओढलं. वाटेत त्यांनी गटारीकडे वळून थुंकलं. थुंकीत लाल रेघ होती. मी बोट दाखवलं तर त्यांनी दात घासल्याची खूण केली, हिरड्यांतून येतंय, त्यात काय एवढं.

घरात पोचल्यावर मी आधी गोळ्यांची डबी उचलून माझ्या पर्समध्ये टाकली. मग मोबाइलवर मोठ्या अक्षरात लिहून दाखवलं. 'अण्णा, डॉक्टरांचा फोन का नाही उचलला?'

त्यांनी डोकं हलवलं. आलाच नाही.

त्यांचा फोन खिशातच होता, शर्टाच्या वरच्या खिशात, छातीशी. तिथं थरथरला असता तर माणूस झोपेतून उठला असता. मी आमचं अ‍ॅप उघडलं, आत गेले, आणि मला माझंच वाक्य दिसलं. 'मला ऐकू येत नाही किंवा कमी येतं.' त्यापुढचा चौकोन रिकामा.

ना उजेड, ना थरथर, ना अक्षरं. काहीच चालू नव्हतं. बिघाड नव्हताच कुठं. अ‍ॅप आम्ही सांगितलं तसंच वागलं होतं.

मी फोन त्यांच्या नाकासमोर धरला. बोट त्या चौकोनावर. हे का नाही केलं? अण्णांनी वाक्य वाचलं. ते रोज पेपर पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचतात, त्यामुळे वाचायचा प्रश्न नव्हता. त्यांचा चेहरा ताठ झाला. त्यांनी आपल्या कानाला बोट लावलं, मग अंगठा वर केला. मला ऐकू येतं.

दाराशी आई आली होती, डोक्यावरचं फडकं सोडत. विश्वजीतला माझा मेसेज अखेर मिळाला होता आणि त्याने तिला शेतातून आणलं होतं. तिने मला खुणांनी आणि ओठांनी सांगितलं. रुग्णालयातून सुट्टी मिळाली तेव्हा काउंटरवरच्या पोरीने त्यांच्या फोनमध्ये अ‍ॅप घालून दिलं. तिने मोठ्याने विचारलं, काका, ऐकू येतं ना? मागे ही रांग. अण्णा म्हणाले, येतं. "चारचौघात काय म्हनतील मंग?" आई म्हणाली. "मी बहिरा हाय म्हनून?"

मला भयंकर राग आला. अण्णांवर नाही, म्हणजे अण्णांवरही, पण त्याहून जास्त त्या वाक्यावर. ते वाक्य माझं होतं. मी जिंकून आणलेलं. मी सातव्या वर्षापासून बहिरी, मला तो शब्द सवयीचा, उलट तो तोंडावर फेकायला मला आवडतो. पण जिनिंगमध्ये आयुष्य काढून साठीनंतर ज्याचं ऐकू येणं थोडं थोडं विरलं, त्याला आम्ही दारातच सांगत होतो, आधी कबूल कर, मग उजेड मिळेल. चिन्मयने 'विशेष सुविधा' लिहिलं असतं तर? तरीही अण्णांनी टिकमार्क केला नसता. विशेष व्हायला कोण तयार असतं?

मी चौकोनात टिकमार्क केला आणि 'मी कॉलसाठी तयार आहे' हे बटण दाबून फोन खाटेवर, गोधडीवर ठेवला. आम्ही तिघं बघत बसलो. अण्णा रुसून भिंतीकडे तोंड करून बसले होते.

फोन पेटला. पडदा पिवळा, काळा, पिवळा. दिव्याचा उजेड भिंतीवर, बरोबर अण्णांच्या समोर लुकलुकायला लागला. अण्णा दचकून वळले. आई तोंडावर हात धरून हसत सुटली. कॉल घेतल्यावर डॉक्टर मनस्विनींचा चेहरा आला. त्यांच्या बाजूला आमची पाटी उमटली असणार, रुग्ण अक्षरं वाचत आहे, चेहरा कॅमेऱ्याकडे ठेवून सावकाश बोला. कारण त्या नीट समोर बघून बोलत होत्या. खाली अक्षरं आली.

'सर्जेरावकाका, कुठं होतात? आज आणि उद्या गोळी घ्यायची नाही. परवा पुन्हा रक्त द्या. रिपोर्ट बघून मी नवीन प्रमाण सांगेन. शौचाला काळी झाली, डोकं जोरात दुखलं किंवा रक्त थांबेना, तर वाट न बघता दवाखाना गाठा.'

गोळीचं प्रमाण फक्त उमटलेल्या बोलण्यावर सोडायचं नाही, डॉक्टरांनी ते हाताने लिहून पाठवायचं आणि ते पडद्यावर टिकून राहायचं, असं आम्ही ठरवलं होतं. तसं ते आलं. अण्णांनी सगळं पेपर वाचतात तसं बोट ठेवून वाचलं. मग मागे जाऊन पुन्हा वाचलं. कॉल संपल्यावर ते आईकडे वळून काहीतरी बोलले.

काय म्हणाले, मी विचारलं. आईने हात झटकायला उचलला, माझ्याकडे बघितलं आणि खाली घेतला. "म्हनत्यात, बाई मागच्या खेपंलाबी बोलली व्हती, तवा निस्ती मान डोलावली. कायबी कळालं नव्हतं."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसने मी थेट ऑफिसात गेले. चिन्मयला सांगितलं की चौकोन काढायचा.

टॅबलेटवर त्याचं वाक्य उमटलं. 'तुझाच चौकोन, तूच मोडतेस? मी त्यासाठी शिव्या खाल्ल्यात.' खाली आलं, [हसण्याचा आवाज].

"खा आणखी," मी म्हणाले. "सगळ्यांना उजेड, सगळ्यांना अक्षरं. पहिल्यापासून चालू. ज्याला नको तो बंद करील. कोणाला काही कबूल करायला लावायचं नाही. पहिल्यांदा उघडलं की एवढंच विचारायचं, कॉल आला की कसं कळवू? खाली चार चित्रं. बेल, दिवा, थरथर, अक्षरं. चारही आधीच निवडलेली."

गोकुळ वैतागला. शुक्रवारी चालू करायचं आणि बुधवारी पाया खणायचा? शिवाय गावातलं नेट. अक्षरांचा भार सगळ्यांवर टाकला तर कॉल अडकेल. मी त्याला म्हटलं, डॉक्टरांच्या आवाजाची अक्षरं सर्व्हरवर होतात, रुग्णाकडे जातात ती नुसती अक्षरं, चित्रापुढे त्यांचा भार किती? मग त्याने कबूल केलं की नेट कमी झालं तर चित्र अडकेल, अक्षरं शेवटपर्यंत जातील.

चिन्मयचं म्हणणं वेगळं होतं. 'रुग्णालय मानणार नाही. किती रुग्णांनी टिकमार्क केलाय ते आधी बघ.' आम्ही बघितलं. साठीच्या पुढचे इतके रुग्ण, आणि टिकमार्क हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. चिन्मय म्हणाला, बघ, गरजच नाही. मला रडायला येत होतं आणि रडले असते तर मीच हरले असते. शेवटी मी डॉक्टर मनस्विनींना मेसेज केला. त्यांनी जे लिहिलं ते मी तसंच टॅबलेटच्या बाजूला ठेवलं. 'माझे निम्मे म्हातारे रुग्ण नुसती मान डोलावतात. कोणाला ऐकू आलं आणि कोण लाजेखातर डोलावतंय, मला कधीच कळत नाही. सगळ्यांना अक्षरं द्या.'

चिन्मयने ते वाचलं. मग टॅबलेटवर आलं, 'आमचे बाबासुद्धा हल्ली फार मान डोलावतात.'

शुक्रवारी अ‍ॅप चौकोनाशिवाय गेलं. कोणी टाळ्या वाजवल्या असतील तर मला माहीत नाही, मी माझ्या टेबलाशी नखं खात होते. नव्या रुग्णांसाठी एक 'सरावाचा कॉल' ठेवला होता. तो दाबला की कॉल आमच्याकडे येतो, एकदा करून बघितलं की भीती जाते. त्या कॉलमध्ये दोन्हीकडे अक्षरं दिसतात. सराव घ्यायचं काम माझ्याकडे होतं. माझा सपाट आवाज यंत्राला पकडता येत नाही, म्हणून मी लिहायचे.

दुपारी माझा टेबलावरचा दिवा लुकलुकला. पडद्यावर नाव आलं, सर्जेराव, पिशोर.

मिशा दिसल्या, मग अर्धं कपाळ, मग अख्खे अण्णा. गुरुवारचा रिपोर्ट सुधारला होता, नवीन प्रमाण मिळालं होतं, हे आईने विश्वजीतच्या फोनवरून आधीच कळवलं होतं. मग आता काय? ते बोलायला लागले आणि खाली अक्षरं आली. यंत्र त्यांच्या 'नाय'चं 'नाही' करत होतं. मी वाचताना परत 'नाय' करून घेत होते.

'सुलेखा. दिसतंय का? तुझी आई बाहेर गेली. म्हटलं सराव करावा.'

मी लिहिलं, 'दिसतंय अण्णा. वाचता येतंय.'

'मला ऐकू येतं, पण हे बरं आहे.'

'हो अण्णा.'

'हॉटेलात पोरं हसतात. मी विचारतो काय झालं. म्हणतात काही नाही.' अण्णा थांबले. त्यांनी गमछा हातात घेतला. 'तू लहान होतीस. आम्ही जेवताना हसायचो. तू माझा हात ओढायचीस, काय झालं, काय झालं. मी म्हणायचो काही नाही. तुला असंच व्हायचं का?'

माझे कान गेल्यापासूनच्या बावीस वर्षांत अण्णा माझ्याशी इतकं कधी बोलले नव्हते. की बोलले होते, आणि आईच्या हातांत ते गळून पडलं होतं? अण्णांनी गमछा तोंडावर धरला होता. डोळेही झाकलेले, दिसत होती फक्त कापडाची चौकडी.

मी लिहिलं, 'अण्णा, काय झालं?'

गमछा हलला. अक्षरं आली, 'काही नाही.'

आणि त्याच्या खाली, चौकटी कंसात, यंत्राने लिहिलं, [रडण्याचा आवाज].